झेपेल तो डाव

आमच्या क्लबच्या सरांचा मला आजही राग येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटतही नाही.

नवी पेठेत एका दुकानाच्या माडीवर आमचा बुद्धिबळ क्लब भरतो. मी शाळेत शिकवते. पेपर तपासून, स्वयंपाक उरकून हाती अर्धा तास उरतो, तोही घरच्यांच्या मर्जीने. त्यामुळे पांढऱ्या सोंगट्या आल्या की मी लंडन नावाची ठरलेली सुरुवात खेळायची. आधी डी-४, मग उंट एफ-४ वर, समोरच्याने काहीही केलं तरी मांडणी जवळजवळ तीच. काळ्याने वजीर बी-६ वर आणला की बी-२ चं प्यादं सांभाळावं लागतं, कारण उंट घर सोडून गेलेला असतो. एवढं भान ठेवलं की पुढे डोकं चालवायला वेळ उरतो. काळ्या सोंगट्या आल्या की सी-६, मग डी-५. तेही साधंच.

संघात चौथा पट, म्हणजे चौथ्या खेळाडूची जागा, रिकामा होता आणि तो मला हवा होता. सर म्हणाले, "मॅडम, दोन्ही रंगांना तुमचं ओपनिंग लई आळशी आहे. काळ्याने सिसिलियन खेळायला शिका, तरच संघाचं बघू की."

"सर, मला झेपेल तो डाव मी खेळते."

"झेपवायला शिका!"

शिकले. तीन महिने माझा तो अर्धा तास सिसिलियनच्या मुख्य चालींना दिला, अगदी पंधराव्या चालीपर्यंत. निवडीच्या डावात समोरच्या गृहस्थांनी ई-४ केलं, मी सी-५, आणि त्यांनी दुसऱ्याच चालीला सी-३ करून माझा सगळा अभ्यास बाद केला. मी सवयीने डी-६ केलं. त्यांनी डी-४ करून मध्यात दोन प्यादी उभी केली, पुढे ई-५ ढकलून माझा घोडा हुसकावला. घड्याळ संपत आलं, मी हरले.

"सी-३ बघितलं नव्हतं व्हय?" सरांनी विचारलं. बघायला सांगितलं होतं का कुणी? चौथा पट त्या गृहस्थांना गेला.

सामन्याच्या दिवशी मी पहिल्या पटामागे उभी होते. तिथे सर पांढऱ्याने खेळत होते. डी-४. मग उंट, एफ-४ वर. माझे कान तापले. डाव जिंकून ते उठले तसं मी त्यांना गाठलं.

"सर, लंडन?"

ते मोकळेपणाने हसले. "मग काय मॅडम, बँक सांभाळून रोज थिअरी कोण वाचत बसतंय? आपल्याला झेपेल तो डाव खेळायचा की."

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

"आणि माझा पट?" मी विचारलं.

"चला, चहा घेऊ," सर म्हणाले.