व्याजदर वाढला तर कारखानदार काय करील?

भिलाईचा सरकारी पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी तिथे बांधकामाच्या ऑफिसात कच्चा कारकून होतो. खोलीत शेजारच्या खाटेवर भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ राहायचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. तेही कच्चेच, पण वयाने माझ्याहून बरेच मोठे. बांधकाम सरलं की कच्च्यांना घरी धाडणार, हे उघड होतं. पक्कं व्हायचं तर हिशेब खात्याची परीक्षा पास करायची. भाऊंची ही शेवटची खेप, नापास झाले की लगेच घरी. पास झाले की क्वार्टर मिळणार, बायको-लेकरं गावाहून येणार.

मीही परीक्षेला बसलो होतो. शेवटचा पेपर व्यवसायाच्या परिस्थितीवर होता. चार उत्तरं दिलेली, एकावर खूण करायची. मेल्या त्या पेपराचा मला अजून संताप येतो.

महागाईचा प्रश्न भाऊंनी झटक्यात सोडवला. भाव चढतच राहणार असं दिसलं तर व्यापारी काय करील? आजच माल भरून ठेवील. सुपेल्याच्या बाजारात तांदूळवाले तेच करत होते.

घात झाला पुढच्या प्रश्नांत. महागाई आवरायला देशाच्या मुख्य बँकेने दर वाढवला, कर्ज महाग झालं. तर कर्ज काढून नवी यंत्रं घेऊ पाहणारा कारखानदार काय करील? उत्तर सरळ होतं. बेत पुढे ढकलील. नफ्यापेक्षा व्याज जड झालं तर कोण घेतो यंत्र?

परीक्षेहून येताना मी विचारलं, "भाऊ, तुमी कशावर खूण केली?"

"फरक पडत नाही, त्याच्यावर."

"कावून?"

"कावून म्हणजे? बँकेनं व्याज वाढवलं, तवा आपली एक तरी भट्टी थांबली काय? एक झाली का दुसरी बांधूनच राहिले. मी सोताच्या डोयानं पाह्यलं."

बाप्पा रे! आपल्या भट्टीला पैसा सरकारचा, पेपरातल्या माणसाला व्याज स्वतःच्या खिशातून भरायचं, हे मी सांगू लागलो. भाऊ ऐकता ऐकता बोटांवर प्रश्न मोजू लागले. व्याजदराच्या, पतपुरवठ्याच्या सगळ्याच प्रश्नांवर त्यांनी तीच खूण केली होती. लिहायचा पेपर असता तर कारण तरी मांडता आलं असतं. खुणेला कोण विचारतो?

निकालात माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. महिन्याभरात कामावरून कमी केल्याचा कागद हातात पडला. दुर्ग स्टेशनावर त्यांची वळकटी मीच डब्यात चढवली. रडू येत होतं आणि रागही.

गाडी हलली तसे भाऊ खिडकीतून म्हणाले, "घरी काय सांगू, हे तेवढं सांग ना. तिनं सामान बांधून ठेवलं आहे."