तातेराव गुरुजींच्या पाच नोंदी

जिल्हा परिषद शाळेतल्या मास्तराला वर्षातून दोनदा घाम फुटतो. वर्गातल्या प्रत्येक पोराबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची असते: स्वभाव कसा, आवड कशात, सुधारणा कुठं हवी. पोरं बरीच, मास्तर एक, आणि वर साहेबांची घाई. अशा वेळी आमच्या जिल्ह्यातले मास्तर केदारखेड्याच्या तातेराव गुरुजींना फोन लावायचे. गुरुजींकडे तयार नोंदींचा साठा होता. 'शांत स्वभाव आहे.' 'गटात मिसळतो.' 'लक्षपूर्वक ऐकते.' 'अधिक सरावाची गरज.' पोरगं कोणतंही असो, त्याला बसेल असं माप त्यांच्याकडे शिवून तयार. मास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, आणि आम्ही निवांत उतरवून घ्यायचो. भला माणूस. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही कधी.

अशा माणसाला निवृत्तीच्या तोंडावर शिक्षणशास्त्रात एम. ए. करायची हुक्की आली. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र जालन्यात, तास रविवारी. मी वाटूरचा मास्तर, मीही त्याच वर्गात; बाकीचेही बहुतेक मास्तरच. 'एम. ए. होऊन राह्यलो' असं गुरुजींनी गावभर सांगून ठेवलं होतं. एवढंच नाही, तर दारावरच्या पाटीत नावापुढे एम. ए. रंगवूनही घेतलं होतं. रंगाऱ्याला परत बोलावायला नको, हा हिशेब.

संशोधन पद्धती शिकवायला तृप्ती मॅडम होत्या. वय पंचविशी-सव्विशीचं, चेहरा गंभीर, आणि गाव केदारखेडा. गुरुजींच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेल्या. याचा गुरुजींना इतका अभिमान, की पहिल्याच तासाला त्यांनी मागच्या बाकावरून सगळ्या वर्गाला ऐकवलं, "आपली लेक हाय." मॅडम हसल्या आणि फळ्याकडे वळल्या.

त्यांनी काम दिलं ते सटीप संदर्भसूचीचं. आपला संशोधनाचा विषय धरून शिक्षणावरचे पाच लेख शोधायचे, तेही तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या नियतकालिकांतले. प्रत्येकाचा संदर्भ नीट लिहायचा: लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पानं. यादी लेखकांच्या आडनावांच्या क्रमानं लावायची. आणि प्रत्येकाखाली एक परिच्छेद: लेखकानं काय शोधलं, कसं, किती जणांवर, त्यात जमेचं काय, लंगडं काय, आणि आपल्या विषयाला त्याचा उपयोग काय. "सारांश एवढ्यावर थांबू नका," मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "तोलून बघा." हे काम स्वीकारलं गेलं नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

गुरुजी मला बाहेर म्हणाले, "एवढंच? हे तं मी तीस वर्षं करून राह्यलो."

आणि केलंही तसंच. त्यांचा विषय होता ग्रामीण शाळेतल्या मुलांचा वर्गातला सहभाग. पाच लेख त्यांनी शोधले, संदर्भ बराबर लिहिले, आडनावांचा क्रमही लावला. मग लेख न वाचता खाली नोंदी घातल्या. एका लेखाखाली होतं, 'विषय आवडीने मांडतो. भाषा शुद्ध.' दुसऱ्याखाली, 'उदाहरणे देतो. अधिक सरावाची गरज.' एक लेख दोघांनी मिळून लिहिलेला होता, त्याखाली 'गटात मिसळतो.' हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो.

पुढच्या रविवारी मॅडमनी त्यांना तास संपल्यावर थांबवून घेतलं. गुरुजी एसटी स्टँडपर्यंत माझ्याच मोटारसायकलवर यायचे, म्हणून मीही थांबलो. मला वाटलं, आता गंमत होणार.

"गुरुजी, हे लेख वाचले का तुम्ही?"

"चाळलेत की, मॅडम."

"चौथीतली माझी नोंद आठवती का तुम्हाला?"

गुरुजी खुलले. "हुशारच होती तू!"

"तसं न्हवतं लिहिलेलं. 'शांत स्वभाव आहे. लक्षपूर्वक ऐकते.' दोन्ही सत्रांत तेच." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "मला डाव्या कानानं ऐकूच येत न्हाई, गुरुजी. तुम्ही शिकवायचे त्यातलं अर्धं मला कळायचंच न्हाई, म्हणून मी गप बसायची. आठवीत दवाखान्याची गाडी शाळेत आल्ती, तवा कळलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मॅडमनी सूचीचे कागद गुरुजींसमोर ठेवले आणि त्या म्हणाल्या, "हे मला घेता यायचं न्हाई. पुढच्या रविवारी परत आणा. नीट वाचून."

गुरुजी मोटारसायकलवर माझ्या मागं बसले. स्टँडजवळ पोचलो तेव्हा पाठीमागून फक्त एवढंच ऐकू आलं, "डावा म्हणली का उजवा?"

त्या आठवड्यात त्यांनी मला फोन करून करून हैराण केलं. नमुना म्हणजे कोण? इथं फक्त शहरातल्या शाळा घेतल्यात, मंग हे आपल्या पोरांना लागू व्हतं का? इंग्रजी लेखांचं त्यांनी मोबाइलवर मराठी करून घेतलं, आणि ते मराठी पुन्हा मला समजावून सांगायला लावलं. माणूस बिघडला, असं मी बायकोला सांगितलं. पण मनातून मला ते बिघडलेलेच आवडायला लागले होते.

नवी सूची मी वाचली. चौथ्या लेखाखाली त्यांनी लिहिलं होतं: 'निरीक्षकांनी एका तासात कोणी किती वेळा हात वर केला ते मोजले आहे. मोजणी काटेकोर आहे. परंतु हात वर न करणाऱ्यास निष्क्रिय धरले आहे; तो गप्प का, हे त्याला विचारलेले नाही. माझ्या विषयासाठी हा लेख महत्त्वाचा, कारण हीच चूक मी केली. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला एका कानाने ऐकू येत नव्हते. मी तिला शांत लिहिले.'

मॅडमनी ते वाचलं आणि सही केली. गुरुजींचं काम झालं.

इथंच थांबायला हवं होतं. पण गुरुजींना सवय वाईट. त्यांनी ती सूची ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'वाचून घ्या.' आमच्या वर्गातल्या ज्यांचं काम बाकी होतं, त्यांनी वाचली नाही, घेतली. मी घेतली नाही, कारण माझं आधीच देऊन झालं होतं; उगाच सज्जनपणा मिरवत नाही.

रविवारी मॅडम फाइली घेऊन वर्गात आल्या. सगळ्या फाइलींत तोच चौथा लेख आणि तीच एका कानाची मुलगी. गुरुजींनी कपाळाला हात लावला. आता मॅडम फाडून खाणार, म्हणून आम्ही माना खाली घातल्या. पण त्यांनी वरची फाइल उघडली आणि परतूरच्या अप्पारावला उभं केलं.

"तुमच्या वर्गातल्या मुलीबद्दल लिहिलंय तुम्ही. नाव काय तिचं?"

अप्पारावनं आमच्याकडे बघितलं. आम्ही कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतो.

"सांगा की. तुम्हीच लिहिलंय ना?"

"मुलगी न्हाई, मॅडम," तो म्हणाला. थाप मारतोय असं मला वाटलं, पण त्याचा आवाज वेगळाच येत होता. "पोरगा हाय. कचरू. मागं बसतो, एकटाच. हाक मारली तं कधी बघतो, कधी बघत न्हाई. मला वाटायचं, मस्ती करतो."

"अजून तुमच्याच वर्गात आहे?"

"हाय."

"त्याच्याबद्दल नोंद काय लिहिली तुम्ही?"

अप्पारावनं एकदा तातेराव गुरुजींकडे बघितलं.

"शांत स्वभाव," तो म्हणाला.