भट्टीपुढची जागा

भूकंपात औशाकडचं आमचं घर पडलं. नवऱ्याच्या कमरेवर माळवदाची माती आली आणि त्याचं कष्टाचं काम कायमचं सुटलं. पत्र्याच्या शेडमध्ये काही महिने काढून आम्ही नांदेडला नणंदेकडे गेलो. तिनंच मला बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापायला लावलं.

सकाळी नऊ ते चार, पुन्हा सहा ते साडेदहा. पगार महिन्याला चारशे आणि दोन वेळचं जेवण. भट्टीवर एक वस्ताद होता, त्याला अठराशे. मला त्याच्या पगाराचा राग नव्हता. पण भट्टीपुढं उभी राहिले की मालक ओरडायचा, "बाईमाणसाचं काय काम तिथं? तुझा तवा बघ."

तरी मी शिकले. माझी चूल वस्तादाच्या पाठीमागं होती. कांदा किती लाल होऊ द्यायचा, वाटण घातल्यावर आच कधी कमी करायची, तेल सुटेपर्यंत हात कसा आवरायचा, हे भाकरी उलटताना बघत होते. वस्ताद तोंडानं काही सांगायचा नाही. पण एकदा माझ्याकडं न बघता म्हणाला, "मीठ शेवटी बघायचं. ग्रेव्ही आटली की खारट होती." तेवढंच. मला ते लई वाटलं.

नवरात्रात माहूरला भक्तांच्या जेवणाचं मोठं काम निघालं. वस्ताद मालकाला सांगून तिकडं गेला. दुसऱ्याच दिवशी मालक माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"जमंल का तुला?"

"जमंल की."

भाकऱ्यांना दुसरी बाई आली आणि मी भट्टीवर गेले. पहिल्या दिवशी शेवभाजी खाली लागली, ती फेकून मी पुन्हा नवी केली. त्यानंतर काही बिघडलं नाही. एका जुन्या गिऱ्हाईकानं विचारलं, "आज वांग्याला चव लई भारी हाय, वस्ताद आला का?" मालक माझ्यासमोर म्हणाला, "हाव, त्याचाच हात." माझ्या हातात झारा होता. तो गल्ल्यावर फेकून मारावासा वाटला.

वस्ताद परत आला, मी पुन्हा तव्यापुढं बसले आणि मग खरा खेळ कळला. मालक त्याला म्हणाला, "बाई चारशात सगळं करती. तुला अठराशे कशाला देऊ? बाराशे घ्यायचे तर थांब." वस्ताद तरातरा माझ्याकडं आला.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू."

"मी कवा मागितली तुमची जागा? मला तर चारशेच मिळून राहिले."

"तेच तर! चारशात केलंसच कशाला?"

चारशात केलं, कारण जास्त देऊ का म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. तसं बघितलं तर तो माझ्याशी भांडत होता आणि मालक बडीशेप चघळत दोघांकडं बघत होता. मी मालकाला म्हणाले, "अठराशे वस्तादाला द्या. आन् मी भट्टीवर राबले तेवढ्या दिवसांचे मलाबी त्याच हिशोबानं द्या."

"भूकंपाची बाई म्हणून ठेवून घेतलं," तो म्हणाला, "उपकार विसरलीस?"

मी हातातलं पीठ परातीत झटकलं आणि निघाले. वस्तादही गेला, पण माझ्याशी न बोलता. याचा राग मला मालकाच्या वागण्याइतकाच येतो.

मग आम्ही लातूरला आलो. गावोगावची पोरं क्लाससाठी येत होती आणि डब्यांना मरणाची मागणी होती. एका खोलीत खानावळ सुरू केली. पहाटे चारला कणीक, सातला डबे, दुपारी भांडी, संध्याकाळी परत तेच. एका पोराला महिन्याला सहाशे रुपयांत दोन वेळचं जेवण. गॅस, भाडं, किराणा जाऊन दोन-अडीच हजार उरायचे. मे महिन्यात पोरं गावी गेली की तेही नाही. खानावळीत पैसा आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिना काढून दाखवावा.

खानावळ चालायला लागली तसा घरमालक आला. "क्लास वाढले, भाडं दुप्पट." एका होस्टेलवाल्यानं पन्नास पोरांचं काम देऊ केलं, पण प्रत्येक डब्यामागं त्याला कमिशन हवं होतं. "वरणात पाणी वाढवा ना ताई, पोरं काय चव बघत्यात?" मी त्याला दारातच सांगितलं, "बघत्यात. तुम्हीच विचारत न्हाई."

ते काम गेलं. नवरा आठवडाभर चिडून होता. मग स्वतःच म्हणाला, रस्त्यावरच्या बंद पडलेल्या सायकल दुकानाची जागा बघू. तिथं चार टेबलं मांडली. गल्ल्यावर तो बसला, भट्टीवर मी.

भाकरीला ठेवलेल्या बाईला पहिल्याच दिवशी म्हणाले, "भट्टी शिकायची असंल तर समोर उभी राहा, पाठीमागून नको. शिकलीस की पगार भट्टीचा."

ती शिकली आणि दोन वर्षांनी जास्त पगारावर दुसरीकडं गेली. मला राग आला, मी बडबडले, दिवसभर भांडी आपटली. तरी तिचा पूर्ण हिशोब त्याच दिवशी तिच्या हातावर ठेवला.