उस्तादांनी मांडी घालून बसावे

अर्ज लिहिण्यात मी कुणाला हार जात नाही. परभणीच्या एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे, आणि आमच्या ताडकळसात कुणाला मीटरसाठी, दाखल्यासाठी, शाळेतल्या नावाच्या दुरुस्तीसाठी अर्ज हवा असला की माणसं संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. हिनं लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं, असा गावात समज आहे. समज खरा आहे. पण इतक्या अर्जांत माझा सर्वांत लाडका अर्ज मी एका ड्रायव्हिंग स्कूलला लिहिला होता.

घरात मी आणि आई दोघीच. आईच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणी गाठायची वेळ आली. धाकटा भाऊ त्याच्या जुन्या कारमधून तिला न्यायचा, आणायचा. मग त्याला संभाजीनगरला चांगली नोकरी लागली. तो दिवाळीनंतर जाणार, कार आमच्या दारात ठेवून जाणार, आणि चालवायला कुणीच नाही. दरम्यान एकदा त्याला जमलं नाही म्हणून मी आईला एसटीने परत आणलं. डायलिसिस झाल्यावर तिच्या अंगात त्राण नसतं. बसच्या पायरीवर तिचा पाय उचलेना. कंडक्टरने आणि मी मिळून तिला वर चढवलं, आणि आतली माणसं बघत राहिली. आई कुणाकडेही न बघता खिडकीशी बसली. मला त्या दिवशी जो राग आला, तो नेमका कुणाचा होता हे अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी परभणीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय पंचेचाळीस.

लर्निंग लायसन्सची परीक्षा मी एकही प्रश्न न चुकता पास झाले. रस्त्यावरची चिन्हं म्हणजे परिपत्रकासारखी, एकदा नीट वाचली की झालं. खरी गंमत पुढे होती. आम्हाला शिकवणारे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पांढरी मिशी, गळ्यात रुमाल, आणि गाडीपेक्षा शिकणाऱ्याला जास्त सांभाळण्याची सवय. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. पहिल्या आठवड्यातच मी वसमत रोडला गाडी काढली, रिक्षा चुकवल्या, म्हशी चुकवल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही.

"ताई, लय भारी चलायलीय गाडी," उस्ताद म्हणायचे. "तुमचा हात बसलाय."

मी घरी येऊन आईला सांगायचे, अगं मला जमलं. ऑफिसातही सांगितलं. ऑफिसात सांगायला नको होतं.

त्या स्कूलची एक पद्धत होती. आरटीओच्या परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी मालक स्वतः मैदानावर सराव परीक्षा घ्यायचे. उस्तादांच्या जागी ते बसायचे आणि शेरे मारायचे. आणि माझी गाडी निघतानाच गचकन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. चढावर थांबवून पुढे काढायची, तर ती मागे घसरली. इंग्रजी एचच्या आकारात उलटी घ्यायची, तिथे दोन खांब आडवे केले. मालकांनी कागदावर लिहिलं: क्लच कमकुवत, चढ कमकुवत, रिव्हर्स कमकुवत. आठवड्याने पुन्हा परीक्षा, पुन्हा तोच निकाल.

"मॅडम, अशी तारीख न्हाई घेता येणार," मालक म्हणाले. "तिथं नापास झालात तर पुन्हा थांबावं लागतंय. आन् तुमच्या लर्निंगची मुदतबी संपत आलीय."

मुदत संपली तर सगळं पहिल्यापासून. भाऊ तर पुढच्याच महिन्यात निघणार होता. माझ्या डोळ्यांसमोर ती बसची पायरी आली. रडू येत होतं, पण मैदानावर कॉलेजची पोरं रांगेत उभी होती, म्हणून ओठ दाबून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उस्तादांबरोबर बसले, तर तीच गाडी लोण्यासारखी! न गचकता निघाली, चढावरही निघाली. काल काय झालं होतं मग? मी सिग्नलला थांबले आणि पहिल्यांदाच समोर न बघता पायाकडे लक्ष दिलं. मी क्लच सोडायला लागले, तोच तो माझ्या पायाखाली अलगद आपोआप खाली गेला आणि सावकाश वर आला. डावीकडे बघितलं. उस्तादांची चप्पल त्यांच्या क्लचवर. चेहरा मात्र रस्त्याकडे, आणि तोंडाने माझं कौतुक चालू.

म्हणजे इतके दिवस पायाखालचा क्लच हलका व्हायचा, तेव्हा मला वाटायचं माझाच पाय मुरलाय. गाडी उस्ताद चालवत होते, मी नुसती स्टिअरिंग फिरवत होते. मालक परीक्षेत पाय मागे घेऊन बसायचे, म्हणून तिथे माझं पितळ उघडं पडायचं.

"उस्ताद, तुमी क्लच दाबू नका ना," मी म्हणाले.

ते हसले. "अहो ताई, भर रस्त्यात गाडी बंद पडली तर मागचा येऊन धडकंल. मी हाय ना, तुमी बिनघोर चालवा."

पुढच्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. माणूस वाईट नव्हता. उभा जन्म प्रवाशांना धक्का लागू न देता गाडी चालवण्यात गेला, पाय ऐकणार कसा? पण माझी मुदत संपत होती. मग मला जे येतं ते मी केलं. जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसून अर्ज लिहिला.

"विषय: सराव परीक्षेतील असमाधानकारक निकालामुळे जादा प्रशिक्षण मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, माझे दोन्ही सराव परीक्षांत क्लच, चढ व रिव्हर्स या बाबींत शेरे कमकुवत आले आहेत. प्रशिक्षणाचे वेळी मा. प्रशिक्षक आपल्या बाजूचा क्लच दाबून गाडी सांभाळतात, परीक्षेचे वेळी तो दाबला जात नाही, त्यामुळे माझा स्वतःचा सराव झालेला नाही. सबब रहदारी नसलेल्या मैदानावर जादा प्रशिक्षण देण्यात यावे व सदर कालावधीत प्रशिक्षकांनी पाय वर घेऊन मांडी घालून बसावे, ही नम्र विनंती. माझ्या आईच्या दवाखान्याची गरज व लर्निंग लायसन्सची मुदत विचारात घेऊन त्वरित निर्णय व्हावा."

खाली सही, तारीख, आणि सोबत दोन्ही निकालांच्या झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर मी पोहोच मागितली. मालक गोंधळले. त्यांच्याकडे आवक-जावक कुठली असायला! शेवटी त्यांनी पावतीपुस्तकाचा शिक्का त्यावर उमटवला आणि मी समाधानाने ऑफिस गाठलं.

सवयीने झालेली चूक मला दुसऱ्या सकाळी कळली. उस्ताद गाडीजवळ उभे होते, रुमालाने उगीच आरसा पुसत. माझ्याकडे बघेनात.

"तक्रार केली ना ताई माझी," ते म्हणाले. "इतक्या वर्षांच्या नौकरीत माझ्यावर एक कागद न्हाई. आन् तुमी शिक्का मारून घेतलात."

ऑफिसात कागदावर माणसाचा उल्लेख आला की तो माणूस घाबरतो, हे मला पक्कं ठाऊक. तरी मी उस्तादांचा उल्लेख केला होता. पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलं तरी आवाज चढतो.

"दोनदा तोंडी सांगितलं, तुमी हसण्यावारी नेलं," मी म्हणाले. "तुमी माझ्या शेजारी जन्मभर बसणार हाव का? माझ्या आईला परभणीहून आणताना क्लच कोण दाबणार?"

आईचं मी त्यांना आधी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हा सांगितलं. बसची पायरीही सांगितली. एसटीचाच माणूस, त्यांना पायरीची उंची काय सांगायची. रुमाल गळ्यात टाकून ते गाडीत बसले, चपला काढल्या आणि पंगतीला बसावं तशी सीटवर मांडी घातली.

"चला," ते म्हणाले. "आता बंद पडली तर पडू द्या."

पडली की! रोज सकाळी त्या मैदानावर ती इतकी बंद पडली की उस्ताद डोळे मिटून बसायचे आणि त्यांचे गुडघे आपोआप खाली यायला बघायचे. मी ओरडायचे, "मांडी!" ते पुन्हा पाय वर घ्यायचे. पण मांडी घातल्यावर त्यांचं तोंड खरं शिकवायला लागलं. क्लच पायाने नाही, कानाने धरा, म्हणाले. सोडता सोडता इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं, तिथे पाय रोखायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. हे इतके दिवस त्यांच्या पायाने केलं होतं, म्हणून सांगायची वेळच आली नव्हती. एका सकाळी चढावर गाडी थांबली, आवाज जड झाला, मी हँडब्रेक सोडला आणि गाडी तसूभरही मागे न घसरता वर गेली. उस्तादांनी टाळी वाजवली. मालकांच्या तिसऱ्या परीक्षेत एकही कमकुवत आला नाही. आरटीओच्या मैदानावर निरीक्षकांनी चढ, उलटा एच आणि रस्ता बघितला आणि मुदत संपायच्या आत मी पास झाले.

भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या फेरीला साहेबांकडून मी अर्धी रजा घेऊन ठेवली होती, अर्थातच लेखी. आई जाताना पदर मुठीत धरून बसली. येताना ती नेहमीसारखी गळून गेली होती. डोळे मिटलेले. तिला लवकर अंथरुणावर टेकवावं म्हणून मी गावाबाहेरच्या रस्त्याने वळायला इंडिकेटर दिला. त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता, आणि बाजारातून गाडी काढणं म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा हळू, पावलापावलाला थांबायचं, पुन्हा निघायचं.

आईने डोळे उघडले. "इकडून कशाला? बाजारातून घे."

"आई, लय गर्दी हाय. तुला तरास होईल."

"होऊ दे. बाजारातून घे. आन् ही काच खाली कर."

मी इंडिकेटर बंद केला आणि काच खाली केली. भाजीच्या ढिगांमधून, शेळ्या ओढणाऱ्या माणसांमधून, मोटारसायकलींमधून गाडी थांबत निघत चालली, आणि एकदाही बंद पडली नाही. आई ताठ बसली होती. पदर नीट केलेला. ओळखीच्या बायका वाकून बघायला लागल्या, तसा तिने सुईच्या पट्ट्या लावलेला हात खिडकीच्या कडेवर ठेवला.

मिरच्यांवाल्या म्हातारीने विचारलं, "काय गं, पोरगा आलाय का आज?"

"न्हाई," आई म्हणाली. थकलेला आवाज, पण आजूबाजूच्या चार दुकानांना ऐकू जाईल इतका मोठा. "पोरीनं आणलंय मला."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "थांब जरा. तिला दिसू दे."

मी भर बाजारात गाडी थांबवली.