मुक्तिवेगासमोरचा हीटर

धामणकर नाक्याजवळच्या आमच्या खोलीखाली कापड विणायचे लूम चालायचे, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलत. दहावीच्या सायन्सच्या तीन वह्या उलटसुलट करून मी एका चार्टपेपरवर तीन रकाने भरले होते: व्याख्या, सूत्र, सोडवलेलं उदाहरण. गेल्या वर्षी सायन्सलाच नापास झालेली ताई वाकून बघत म्हणाली, "मुक्तिवेगासमोर तू हीटरचं उदाहरण लावलायस."

नापास झालेलीने मला शिकवावं? माझं डोकंच फिरलं. पत्र्याची कंपासपेटी मी तिच्या तोंडावर हाणली. भुवई फुटली, ती खाली बसली, तरी केस धरून मी तिला आणखी दोनदा मारलं. लूमच्या खडखडाटात आईला काही ऐकू गेलं नाही.

कागदावरचं रक्त पुसताना मला दिसलं. मुक्तिवेगाचं उदाहरण लिहायचंच राहिलं होतं, त्यामुळे खालचं प्रत्येक उदाहरण एक ओळ वर सरकलं होतं आणि शेवटी भिंगाच्या शक्तीसमोरची जागा रिकामी होती.

एका हाताने भुवई दाबून ताईने दुसऱ्या हाताने प्रत्येक उदाहरणापासून त्याच्या सूत्रापर्यंत बाण काढले. मग म्हणाली, "मुक्तिवेगाचं सांगते, लिही."

मी पेन उचललं, तर तिने दचकून मान मागे घेत डोळे मिटून घेतले.