आधी वेणीमाधवची वाटी

नाव : निवृत्ती. वय : चोवीस. हुद्दा : आहार व इंधन समन्वयक, फ्लॅट क्रमांक सात, पाथर्डी फाटा. कार्यक्षेत्र : दोन बर्नरची शेगडी, एक कुकर, चार तोंडं. नेमणूक : बिनविरोध.

दिवसा हा अधिकारी अंबडच्या एका कारखान्यात शिकाऊ कामगार असतो. हातात दहा हजार येतात, त्यातले तीन विंचूरला घरी जातात. बाकी तिघांचं बरं चाललेलं. सॉफ्टवेअरवाल्या गौरांगनं पोळी-भात सोडून पनीर आणि बदाम धरले होते. लखनला रोज चार अंडी लागत. त्र्यंबकेश्वरच्या पुरोहिताघरचा वेणीमाधव कांदा-लसूण खात नसे. ती कसर तो तुपात भरून काढी. निवृत्तीला आहाराविषयी कुठलंही मत परवडत नव्हतं. किराण्याचे मात्र चार सारखे भाग व्हायचे, आणि त्याचा भाग दोन हजारांवरून एकोणतीसशेवर गेला. असंच चाललं तर खोली सोडणं आलं. आणि विंचूरहून सकाळी सातची पाळी काही गाठता येत नाही.

म्हणून त्यानंच सुचवलं, ज्यानं त्यानं आपापलं आणावं, आपापलं शिजवावं. हा न्याय सगळ्यांना पटला आणि एकोणीस दिवस टिकला. घरात मिठाचे चार पुडे झाले. लखननं कुकरमध्ये अंडी उकडल्यापासून वेणीमाधव तो तीनदा घासून घेई, तोवर बाकीचे रांगेत. चाळीस दिवस पुरणारं सिलिंडर विसाव्या दिवशी संपलं, तेव्हा वर निवृत्तीची खिचडी होती, अर्धी कच्ची.

ती तशीच मध्ये ठेवून बैठक बसली. निवृत्तीनं क्रम मांडला. वरण-भाजी एकच, बिनकांद्याची, रोज एकानं पाळीपाळीनं करायची. आधी वेणीमाधवची वाटी काढायची, मग उरलेल्यावर कांदा-लसणाची फोडणी. अंडी शेवटी, लखनच्या स्वतःच्या तव्यावर. डाळ, पीठ, तेल, गॅस सामाईक. पनीर, बदाम, तूप, अंडी ज्याच्या त्याच्या खिशातून.

"मी पोळी खात नाही," गौरांग म्हणाला. "पिठाचे पैसे कशाला देऊ?"

"गौऱ्या, परवा माझ्या ताटातल्या दोन कुणी उचलल्या?" लखननं विचारलं.

"चव बघितली."

मग गौरांगच म्हणाला, की त्याला पिठापेक्षा स्वयंपाकाची पाळी जड जाते. ती टळणार असेल तर तो हजार जास्त देईल.

निवृत्तीनं मनात हिशेब केला. सामाईक किराणा पुन्हा आठ हजारांत बसेल; त्यात गौरांगचे तीन, दोघांचे दोन-दोन, आपल्याला उरला एक.

"दे हजार. तुझी पाळी माझी."

"म्हणजे तू आमचा स्वयंपाकी?" वेणीमाधवनं अवघडून विचारलं.

"समन्वयक म्हण रे," लखन म्हणाला, आणि तसा कागद फ्रिजवर लागला.

आता चारांतल्या दोन संध्याकाळी निवृत्ती शेगडीपाशी असतो. खोली सुटली नाही. पोळी मात्र त्याला अजून गोल लाटता येत नाही.