टांगलेलं मटण

वरठीच्या स्टेशनजवळ आमची खानावळ होती. सासरचा धंदा खाटकाचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मोहाडीच्या बाजारात मटण विकायचे. माझे मालक बोकड कापायचे आणि मी रांधायची. रविवारी कारखान्यातली माणसं सायकली भिंतीला टेकवून जेवायला बसत. पहिली दोन वर्षं त्या रविवारची मला धास्तीच असायची.

मसाला चांगला जमायचा, रस्सा लोक वाटीने पीत, पण मटण वातड व्हायचं. मालक पहाटे बोकड कापत, मी दहाला चुलीवर चढवी, आणि बारा वाजले तरी तुकडा दातांना दाद देत नसे. एकदा भट्टीवरच्या एका कामगाराने तुकडा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, आमच्या भट्टीत पोलाद याच्यापेक्षा लवकर नरम होते." सगळी पंगत हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच लाकडं पुढे सारत बसले.

मामाजींना विचारलं, तर म्हणाले, "बोकड जून होता." पुढच्या रविवारी कोवळा आणला. तोही वातड. मग म्हणाले, "तुह्या चुलीचा जाळ कमी पडते."

एका हिवाळ्यात भंडाऱ्याच्या एका घरचा जेवणाचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. मालकांनी शनिवारी दुपारीच बोकड कापून ठेवला होता. विकला गेला नाही, म्हणून तो अख्खाच्या अख्खा ओसरीत मागच्या पायांनी टांगलेला राहिला. वर कोरडं धुतलेलं फडकं होतं. संध्याकाळी मी त्याचा पुढचा पाय हलवून पाहिला, तर काठीसारखा ताठ. मनात म्हटलं, उद्या काही खरं नाही. रविवारी सकाळी वास घेतला, वास चांगला होता. नाइलाजाने तेच रांधलं. तासाभरात तुकडा बोटाने तुटला. मी झाकण परत ठेवलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. विश्वासच बसेना.

त्या दिवशी एकाही ताटाच्या कडेला तुकडा उरला नाही. मला तेच कौतुक वाटलं.

पंगतीत जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर असायचे. जेवण झाल्यावर मी त्यांना गाठलं. "डॉक्टरसाहेब, कालचं मटण आजच्यापेक्षा नरम कसं होते?"

त्यांनी हात धुतले, पुसले आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घातली. "वहिनी, मांसात बारीक धागे असतात. असे एकमेकांत सरकतात, तेव्हा मांस आखडते. परत सुटायले त्यायले ताकद लागते. बोकड मेला तरी मांस लगेच मरत नाही, ताजं मटण फडफडते, ते तुमी पायलं असन."

"रोज पायतो."

"त्यात अजून थोडी ताकद शिल्लक असते. ते तसंच गरम तेलात टाकलं, तर सगळे धागे एकदम आखडतात. तुकडा लहान होते का नाही?"

खरंच होतं. बोटाएवढा तुकडा कढईत सुपारीएवढा होई.

"आता नाही शिजवलं, नुसतं ठेवलं, तर काही तासांत ती ताकद संपते. मग धागे एकमेकांत अडकून बसतात, सुटत नाहीत." त्यांनी बोटं घट्ट आवळली. "तोच तो ताठ पाय. त्या वेळी शिजवाल तर सगळ्यात वातड. पण मांसातच असे रस असतात, जे हळूहळू ते धागे कुरतडतात. गाठ सुटत नाही, धागाच ढिला होते." बोटं सैल झाली. "टांगलेलं असलं तर मांस हाडावर ताणलेलं राहते, जास्त आखडत नाही. म्हणून आधी तुकडे करू नका. अन् कापायच्या आधी बोकडाले पळवून दमवू नका, ताकद आधीच संपली तर मांस बिघडते. हे हिवाळ्यातच. उन्हाळ्यात असं ठेवाल तर नासन."

मी विचारलं, "मग कलेजी तर लगेच नरम शिजते?"

ते हसले. "कलेजीत ते आखडणारे धागेच नसतात."

त्या हिवाळ्यातल्या पुढच्या सगळ्या रविवारांसाठी मी शनिवारी दुपारीच बोकड कापायला लावला. मी डॉक्टरांसारखी बोटं गुंफून दाखवली, तरी मामाजी नाक मुरडत. त्यांच्या मते कालचं ते शिळं.

मग मोहाडीजवळच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या पाटलांना नातू झाला होता आणि दोनशे माणसांचं जेवण होतं. धान घरात आलेलं, थंडी पडलेली. मी आणि मामाजी ठरवायला गेलो. मी म्हटलं, "बोकड आदल्या दिवशी दुपारी कापा."

पाटील खाटेवरून उठूनच बसले. "पाहुण्यायले शिळं मटण चारू? माह्या इथं आजवर सकाळी कापलं, दुपारी खाल्लं."

मामाजीही माझ्याच विरुद्ध बोलले, "सूनबाई, काहून हट्ट करून राहिली?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "दोन चुलींवर दोन मोठी पातेली मांडा, दोन गंज. एकाच कळपातले, एकाच वयाचे बोकड. एक तुमच्या पद्धतीनं, एक माझ्या. मसाला एकच, जाळ एकच. जे पाहुणे परत मागतील ते खरं."

पाटील परत खाटेवर टेकले. मग म्हणाले, "करा."

माझे बोकड आदल्या दुपारी कापले. गोठ्यामागे सावलीत, वारा येईल असे टांगले. सकाळी मी पाय वाकवून पाहिला, थोडा लवत होता. म्हणजे धागे ढिले होऊ लागले होते. दुसरे बोकड मामाजींनी स्वतः उजाडल्यावर कापले. साडेनऊला दोन्ही गंज एकदमच चढले.

अकराला माझा तुकडा तयार. मी खालची लाकडं ओढून घेतली. मामाजींच्या गंजातला तुकडा त्यांनी स्वतः चावून पाहिला, थुंकला नाही, पण गिळलाही नाही. "अजून जाळ लागते," म्हणाले. जाळ वाढवला. पंगत बसायची वेळ झाली, तरी तेच.

वाढपी दोन्ही गंजांतून वाढत होते. दुसऱ्या वाढपाला कोपऱ्यातून एक म्हातारा ओरडला, "ते नाही, त्या पोरीच्या गंजातलं!" त्याच्या शेजारच्याने ताट पुढे केलं, मग सगळी रांग. वाढपी माझ्याकडे धावू लागले. मी पळीने वाढत होते, डोळ्यांत धूर होता आणि हसूही आवरत नव्हतं. माझा गंज खरवडला गेला, तेव्हा मामाजींचा निम्मा भरलेला होता.

पाटील शेवटी जेवायला बसले. त्यांना दाढा दोनच उरल्या होत्या. माझा गंज संपला होता, म्हणून मी स्वतःसाठी काढून ठेवलेलं मटण त्यांनी मागवलं, सावकाश खाल्लं, हाड चोखून ठेवलं आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता या घरचं मटण ही बाईच करन. अन् केव्हा कापायचं ते तीच सांगन."

परतीच्या बैलगाडीत मामाजी सुऱ्या गोणपाटात गुंडाळत होते. मोहाडी मागे पडल्यावर म्हणाले, "त्या डॉक्टरले एकदा बाजारात पाठव. त्याचं ते बोटायचं मले पायचं आहे."

पुढच्या बाजारी एका गिऱ्हाइकाने, "आत्ताच कापलेलं द्या," म्हटलं, तर मामाजी सुरी पुसत म्हणाले, "आत्ताचं घेऊन जाशील तर उद्या रांध. आजच रांधायचं असन तर हे कालचं घे, नरम शिजन."